पोस्टरसमोर कोण थांबावं, हे आधी ठरवा: परिषदेतल्या पोस्टर सत्राची तयारी

पोस्टर मंजूर झाल्याचा मेल आला की बहुतेक जण सगळ्यात आधी स्लाइडचं सॉफ्टवेअर उघडतात आणि प्रबंधातला मजकूर त्यात ओतायला लागतात. प्रस्तावना, उद्दिष्टं, पद्धत, निष्कर्ष, आभार, सगळं जागच्या जागी बसतं. मग सत्रात लोक येतात, ‘छान काम आहे’ म्हणतात आणि पुढच्या बोर्डाकडे सरकतात. पोस्टर सत्रात याहून निरुपयोगी शेरा नाही. तुमच्या प्रश्नात ज्याला खरंच गती आहे, तो असं म्हणत नाही. तो आलेखावर बोट ठेवतो आणि विचारतो, ‘हे बिंदू इथे का आले?’ ते बोट आलेखावर यावं यासाठी काय करायचं, एवढंच या लेखात सांगतो. बक्षीस मिळवणाऱ्या पोस्टरची गणितं वेगळी असतात, त्यात इथे शिरत नाही.

सगळं एकाच उदाहरणावर दाखवतो. समजा, एक संशोधिका हवेतले सूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, मोजणाऱ्या स्वस्त सेन्सरवर काम करते आहे. हे सेन्सर कणांवर लेझरचा प्रकाश टाकतात आणि विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचं प्रमाण ठरवतात. हवा दमट असली की कण पाणी शोषून फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात आणि सेन्सर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. हे माहीतच आहे. संशोधिकेने सेन्सर एका प्रमाणित उपकरणाशेजारी ठेवले, आर्द्रतेनुसार दुरुस्तीचं सूत्र बसवलं आणि चूक बरीच कमी केली. पण एक गोष्ट उरली. आर्द्रता ६० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असताना, दुरुस्तीनंतरही सकाळी सेन्सर जास्त दाखवतात आणि संध्याकाळी, तितक्याच आर्द्रतेला, दाखवत नाहीत. का, ते तिला ठाऊक नाही.

आधी माणसं, मग पोस्टर

परिषदेचा कार्यक्रम आणि सारांशांची पुस्तिका साधारणपणे काही आठवडे आधी हातात येते. ती आल्या दिवशी स्वतःचं नाव शोधून बंद करू नका. तुमच्या विषयाचे तीन-चार शब्द टाकून शोधा आणि सहा ते आठ माणसांची यादी करा. यादीत दोन तऱ्हेचे लोक हवेत. एक, तुमचाच प्रश्न दुसऱ्या साधनांनी सोडवणारे. दुसरे, ज्यांच्या कामात तुमच्या अडलेल्या जागेचं उत्तर असू शकेल असे, मग त्यांचा विषय वरवर वेगळा का असेना. आपल्या संशोधिकेच्या यादीत सेन्सरच्या जाळ्यांची दुरुस्ती करणारे दोघं सहज येतील. पण प्रयोगशाळेत क्षारांचे कण किती आर्द्रतेला पाणी शोषतात हे मोजणारा कुणी असेल, तर तो ‘सेन्सर’ या शब्दाच्या शोधात सापडणार नाही. त्याला ‘आर्द्रता’ आणि ‘कण’ या शब्दांनी शोधावं लागेल. माझ्या मते खरी कमाई या दुसऱ्या गटातून होते, कारण पहिल्या गटातले लोक बहुधा तुम्ही अडलात तिथेच अडलेले असतात.

आता एक अडचण, जी पहिल्यांदा जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आयोजक जवळजवळच्या विषयांची पोस्टरं एकाच सत्रात, शेजारशेजारच्या बोर्डांवर लावतात. ऐकायला सोयीचं वाटतं, पण त्याचा अर्थ असा की ज्यांच्याशी तुम्हाला सगळ्यात जास्त बोलायचंय, ते तुमच्या सत्राच्या वेळी स्वतःच्या बोर्डापाशी अडकून पडलेले असतात. काही परिषदा यावर उपाय म्हणून विषम क्रमांकाची पोस्टरं पहिल्या तासात आणि सम क्रमांकाची दुसऱ्या तासात असं वाटून देतात. तसं नसेल तर सोय आपली आपण करायची. पोस्टर लावायची वेळ सत्राच्या बरीच आधी असते, तेव्हा हॉल रिकामा असतो आणि माणसं पिना शोधत उभी असतात. ही भेटीची उत्तम वेळ आहे. सहलेखक बरोबर असेल तर त्याला वीस मिनिटं बोर्ड सांभाळायला सांगा. एकटेच असाल, तर बोर्डावर कागद लावा: ‘४:४० ला परत येतो’. आणि खरंच त्या वेळेला परत या.

यादीतल्या लोकांना परिषदेच्या आठ-दहा दिवस आधी छोटा मेल पाठवायला हरकत नाही. ओळख नसलेल्या ज्येष्ठ संशोधकाला मेल लिहायला आपल्याकडे संकोच वाटतो आणि त्या संकोचापायी मेल लांबत जातो. चार ओळी पुरतात:

‘नमस्कार सर, मिश्र क्षारांच्या कणांवरचा तुमचा सारांश वाचला. मी स्वस्त सेन्सरच्या आर्द्रता-दुरुस्तीवर काम करते. ६० ते ८० टक्के आर्द्रतेला आमच्या मापनात सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक उरतो आणि त्याचं कारण तुमच्या प्रयोगांशी जुळेल असं वाटतं. मंगळवारच्या सत्रात माझं पोस्टर आहे, क्रमांक ११४. तुमचं सत्र त्याच वेळी असेल तर मी तुमच्या बोर्डापाशी येईन.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. समोरच्यावर काहीही ओझं न टाकता भेट ठरते.

पोस्टरवर काय ठेवायचं

शीर्षकापासून सुरुवात करू. ‘स्वस्त सेन्सरच्या पीएम २.५ मापनावरील आर्द्रतेच्या परिणामाचा अभ्यास’ हे शीर्षक खोटं नाही, पण ते वाचून कुणाच्या डोक्यात प्रश्न उठत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘आर्द्रतेची दुरुस्ती केल्यावरही सेन्सर सकाळी जास्त दाखवतात, संध्याकाळी नाही’. कणांच्या पाणी शोषण्यावर काम करणारा माणूस हे वाचून पुढे जाऊच शकत नाही. सारांश पाठवताना दिलेलं शीर्षक बदलायची मुभा नसेल, तर ते लहान अक्षरांत वर राहू द्या आणि हे वाक्य त्याखाली मोठ्या अक्षरांत घ्या.

अमेरिकेतल्या माइक मॉरिसन या मानसशास्त्राच्या संशोधकाने २०१९ मध्ये एक मांडणी सुचवली होती: मधोमध मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत, प्रचंड मोठ्या अक्षरांत, आणि बाकी तपशील बाजूच्या अरुंद पट्ट्यांत. ती खूप गाजली. जाता जाता नजर टाकणाऱ्यांसाठी ती चांगलीच आहे. पण आपल्याला हवा असलेला माणूस निष्कर्ष वाचून थांबत नाही, तो आलेख पाहून थांबतो. म्हणून मधली मोक्याची जागा मी वाक्याला न देता एका आलेखाला देईन.

आणि तो आलेख सगळ्यात सुबक असायची गरज नाही. दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची चूक दाखवणारे दोन स्तंभ ठेवले, तर बघणारा मान डोलावेल आणि जाईल. त्याऐवजी आपल्या संशोधिकेने आडव्या अक्षावर आर्द्रता, उभ्या अक्षावर दुरुस्तीनंतर उरलेली चूक आणि प्रत्येक बिंदू एका तासाचं मापन असा आलेख मोठा करून लावावा. सकाळचे बिंदू निळे, संध्याकाळचे नारिंगी. ६० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात दोन रंग एकमेकांपासून वेगळे झालेले लांबूनही दिसतात. लाल-हिरवी जोडी टाळा, अनेक पुरुषांना तो फरक दिसत नाही. अक्षांची नावं आणि एकक आलेखातल्या आलेखात मोठ्या अक्षरांत लिहा, खाली टीप नको.

त्या आलेखाखाली एक चौकट करा: ‘आम्हाला न कळलेलं’. त्यात एक किंवा दोनच प्रश्न. ‘भविष्यात अधिक संशोधन आवश्यक आहे’ या चालीवरचं वाक्य तिथे चालणार नाही. प्रश्न इतका नेमका हवा की उत्तर देता येईल: ‘आर्द्रता तीच असताना सकाळी आणि संध्याकाळी चूक वेगळी का? कणांची घडण बदलते म्हणून, की दुसरं काही?’ गाईडला ही चौकट कदाचित पसंत पडणार नाही, आपली कमजोरी आपणच कशाला दाखवायची असं ते म्हणतील. त्यांच्याशी आधीच बोलून घ्या. पेपर पाठवताना हा सावधपणा समजू शकतो, पण पोस्टर हे अर्धवट काम दाखवण्यासाठीच असतं, आणि जाणकाराला ती फट तशीही दिसतेच. फरक इतकाच की तुम्ही दाखवली नाहीत तर तो मनात ठेवून निघून जातो.

एक खबरदारी मात्र घ्या. पोस्टर लावणं म्हणजे माहिती जाहीर करणं. कामातून पेटंट घ्यायचा विचार असेल, तर अनेक देशांत आधी जाहीर केलेल्या गोष्टीवर पेटंट अडतं. संस्थेत विचारून घ्या. सहलेखकांचा अप्रकाशित डेटा त्यांच्या होकाराशिवाय लावू नका.

पद्धतीला एक छोटी आकृती आणि तीन-चार ओळी पुरे. कोणती उपकरणं, किती महिने, किती अंतरावर. संदर्भ दोन-तीनच. उरलेलं सगळं क्यूआर कोडमागच्या पीडीएफमध्ये ढकला, आणि तो कोड छापलेल्या कागदावरून फोनने उघडतो का, हे छपाईनंतर तपासा.

मापांबद्दल थोडक्यात. सगळ्यात रुळलेला आकार ए-झिरो, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. पण बोर्ड उभा आहे की आडवा, हे आयोजकांच्या सूचनांत नक्की वाचा. आडवं पोस्टर उभ्या बोर्डाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबकळताना दरवर्षी दिसतं. मुख्य मजकूर २४ पॉइंटपेक्षा लहान नको. तपासायची सोपी युक्ती अशी: पूर्ण पोस्टर ए-फोर कागदावर छापा. ए-झिरोची लांबी-रुंदी ए-फोरच्या चौपट असते, त्यामुळे २४ पॉइंटचं अक्षर त्या कागदावर ६ पॉइंटचं होतं. तो कागद हातात धरून सगळं वाचता आलं, तर बोर्डासमोर उभ्या माणसालाही वाचता येईल. मुख्य आलेख डोळ्यांच्या उंचीला येईल असा ठेवा. गुडघ्याच्या उंचीवरचा मजकूर कुणी वाचत नाही, तिथे आभार आणि अनुदानाची माहिती टाका. फोटो टाकताना एक ध्यानात असू द्या: स्क्रीनवर छान दिसणारं चित्र मीटरभर कागदावर फाटतं. आलेख मूळ सॉफ्टवेअरमधून व्हेक्टर स्वरूपात काढले की हा त्रास होत नाही.

बोलायचं काय

बोर्डाच्या मधोमध उभं राहिलात, तर आलेख झाकला जातो. कडेला, थोडं तिरकं उभं राहा, म्हणजे तुम्ही आणि आलेला माणूस दोघंही आलेखाकडे बघू शकता. कुणी आलं की लगेच तोंड उघडायची घाई नको. शीर्षक आणि आलेख बघायला त्याला पाच-दहा सेकंद लागतात, ती द्या. मग ‘सांगू का थोडक्यात?’ असं विचारण्यापेक्षा ‘तुम्ही कशावर काम करता?’ हे विचारणं जास्त उपयोगाचं. त्याच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं.

त्यासाठी एकच पाठ केलेलं भाषण नको, तीन वेगळ्या सुरुवाती तयार ठेवा. संशोधिकेकडे सेन्सरच्या जाळ्यावर काम करणारा आला, तर पद्धत सांगायची गरजच नाही: ‘तुमच्याही डेटात दुरुस्तीनंतर सकाळ-संध्याकाळ फरक राहतो का?’ इथून थेट सुरुवात. कणांचं रसायन जाणणारा आला, तर सेन्सर कसा मोजतो ते एका वाक्यात सांगून लगेच दोन रंगांवर बोट. बाहेरच्या विषयातला आला, तर दमट हवेत कण फुगतात इथपासून, पण दोन मिनिटांत आटपायचं. तिन्हींचा शेवट एकाच जागी होतो, ‘आम्हाला न कळलेलं’ या चौकटीपाशी. तिथे पोहोचलात की गप्प बसा. ही शांतता अवघड जाते, आणि बरेच जण ती भरून काढायला चौथ्या आलेखाबद्दल बोलायला लागतात. तसं करू नका, समोरचा विचार करत असतो.

असा संवाद कसा जाऊ शकतो ते बघा. कणांवर प्रयोग करणारे एक प्राध्यापक आले आहेत.

‘या आर्द्रतेच्या नोंदी कुठल्या? सेन्सरच्या आतल्या की बाहेरच्या?’

‘आतल्या, सर. सेन्सरमध्येच आर्द्रतामापक आहे.’

‘मग आत थोडी उष्णता असणार. बाहेर ८० असेल तेव्हा आत त्यापेक्षा कमी दिसेल. हा फरक दिवसभर सारखाच राहतो का, ते बघितलंय?’

‘नाही बघितलं. शेजारी हवामान केंद्र आहे, त्याच्या नोंदी घेता येतील.’

‘घ्या. आणि अजून एक. सकाळी आर्द्रता उतरत असते, संध्याकाळी चढत असते. अमोनियम सल्फेटसारखा क्षार कोरडा असताना ८० टक्क्यांच्या आसपास जाऊन विरघळतो, पण एकदा ओला झाला की ४० टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत ओलाच राहू शकतो. म्हणजे तुमचे ७० टक्क्यांचे दोन बिंदू एकसारखे नाहीत. एक ओल्या कणाचा, एक कोरड्या.’

‘म्हणजे रंग सकाळ-संध्याकाळचा न देता, आर्द्रता चढती की उतरती यावर द्यावा?’

‘देऊन बघा. पण खऱ्या हवेत मिश्रण असतं, सेंद्रिय पदार्थ मिसळले की हा फरक पुसट होतो. दिसलाच नाही तर त्याचाही अर्थ आहे.’

एवढ्या पाच मिनिटांत दोन ठोस कामं मिळाली, आणि दोन्ही आठवडाभरात करून बघता येतील अशी. संशोधिकेने बचाव केला नाही, हेही पाहा. ‘नाही बघितलं’ म्हणाली आणि काय करता येईल ते सांगितलं. ‘आतल्या नोंदी सगळेच वापरतात’ असं म्हणाली असती, तर दुसरा मुद्दा बहुधा आलाच नसता.

सत्रात अडतं कुठे

एकाशी बोलणं रंगलेलं असताना दुसरा मागे येऊन उभा राहतो. त्याला तसाच ठेवलात, तर अर्ध्या मिनिटात तो जातो. वाक्य संपवून त्याच्याकडे वळा आणि आत घ्या: ‘आम्ही या निळ्या बिंदूंबद्दल बोलत होतो, सर म्हणतात आर्द्रतेची दिशा तपासावी.’ पुष्कळदा ते दोघंच आपसात बोलायला लागतात, आणि ऐकण्यासारखं तेव्हाच मिळतं.

काही जण पंधरा-वीस मिनिटं स्वतःच्याच कामाबद्दल बोलतात. त्यांना दुखावायचं नसतं आणि सत्र तर संपत असतं. ‘हे मला नीट ऐकायचंय, चहाच्या वेळी बसू या का?’ म्हणा आणि बसा सुद्धा.

कुणी तिखट सुरात ‘हे तर आधीच झालंय’ म्हणालं, तर वाद घालू नका. कुणी केलंय, कोणत्या आर्द्रतेपर्यंत केलंय, हे विचारून त्याच्यासमोरच लिहून घ्या. खरंच झालेलं असेल, तर पेपर लिहिण्याआधी कळलं हे बरंच झालं. नसेल, तर फरक कुठे आहे ते तिथेच स्पष्ट होतं. दुसरा गट हुबेहूब हेच करतो आहे असं कळलं, तर काय सांगायचं आणि काय नाही हे गाईडशी आधी ठरलेलं असू द्या. पोस्टरवर आहे ते सगळं बोलता येतं, पोस्टरवर नसलेला डेटा फोनवर उघडून दाखवू नये.

कुणीच थांबत नसेल, तर एक गोष्ट तपासा. लोक शीर्षक वाचून जातात की न वाचताच? वाचून जात असतील, तर तो त्यांचा विषय नाही, ठीक आहे. न वाचताच जात असतील, तर बहुधा तुम्ही फोनमध्ये डोकं घालून उभे आहात किंवा शेजाऱ्याशी पाठमोरे गप्पा मारताय. यापेक्षा वेगळं कारण क्वचितच निघतं.

त्याच दिवशी आणि नंतर

प्रत्येक संभाषणानंतर, पुढचा माणूस यायच्या आत, तीन गोष्टी वहीत टिपा: कोण, काय सुचवलं, मी काय पाठवणार म्हणालो. भेटकार्डावरच लिहिलंत तरी चालेल. संध्याकाळपर्यंत चेहरे आणि मुद्दे एकमेकांत मिसळतात, आणि कुणाचं सूत्र कुणाच्या नावावर जातं. दुसऱ्या दिवशी ज्यांच्या बोर्डापाशी जाता आलं नाही, त्यांना गाठायला हीच वही कामी येते.

मेल दोन-तीन दिवसांत जावा, पण सगळ्यांना एकच नको. ‘भेटून आनंद झाला’ एवढ्यावर थांबलेल्या मेलला उत्तर द्यायला कुणाकडे काही नसतं. आपली संशोधिका प्राध्यापकांना असं लिहील: ‘सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बिंदूंना चढत्या आणि उतरत्या आर्द्रतेनुसार रंग दिला, आलेख सोबत जोडला आहे. ६५ ते ७५ टक्क्यांमध्ये फरक स्पष्ट दिसतो, ७५ च्या वर पुसट होतो. तुम्ही म्हणालात त्या मिश्रणामुळे असेल का?’ आलेख अजून तयार नसेल, तर तो होईपर्यंत मेल अडवून ठेवू नका. पोस्टरची पीडीएफ पाठवा, त्यांचा मुद्दा एका ओळीत आपल्या शब्दांत लिहा म्हणजे नीट समजला की नाही हे त्यांना कळेल, आणि आलेख केव्हा पाठवाल ते सांगा.

उत्तर आलं नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी नवा आलेख जोडून एकदा आठवण करा आणि मग सोडून द्या. पेपर लिहून झाला, की ज्यांच्या सूचनेने विश्लेषण बदललं त्यांना मसुदा पाठवून आभारात नाव घेऊ का, असं विचारा. न विचारता नाव घालणं काहींना खटकतं, कारण आभारात नाव दिसलं की त्यांना निष्कर्ष मान्य आहेत असा वाचणाऱ्याचा समज होऊ शकतो.